शेफना निरोप देताना

मोठ्या हॉटेलाच्या किचनमध्ये निरोपाचं भाषण ठेवायला दुपारी साडेतीन-चारची वेळ सोयीची पडते. लंचची गर्दी ओसरलेली असते, डिनरची तयारी जोरात सुरू झालेली नसते आणि पाळी बदलत असल्याने सकाळचे आणि संध्याकाळचे दोन्ही गट भेटतात. जागा मात्र स्टाफ कँटीनची घ्यावी. शेगड्या पेटलेल्या असताना एक्झॉस्ट पंखा बंद करता येत नाही आणि त्याच्या घरघरीत बोललेलं मागच्यांना ऐकू जात नाही.

अशा भाषणात हमखास होणारी चूक म्हणजे बायोडेटा वाचून दाखवणं. कॉमी म्हणून रुजू, मग सू-शेफ, मग मुख्य शेफ, मिळालेले पुरस्कार. हे सगळं समोरच्यांना पाठ असतं. तीस वर्षांतला एकच प्रसंग नीट सांगितला, तर माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

समजा, चारशे पाहुण्यांचं लग्न आहे आणि जेवणाला अर्धा तास उरलाय. एका नवख्या कॉमीने उकळत्या मखनी ग्रेव्हीत थंड क्रीम ओतलं. कडेला तूप सुटलं, मध्ये बारीक कण दिसू लागले. ग्रेव्ही फाटली होती. शेफनी आधी गॅस बंद केला. दुसऱ्या पातेल्यात काजूची पेस्ट आणि थोडं गरम पाणी घेऊन ते फेटायला लागले आणि फाटलेली ग्रेव्ही पळी-पळीने त्यात घालत गेले. काजूच्या पेस्टने सुटलेलं तूप पुन्हा धरून ठेवलं. मग ग्रेव्ही गाळली, मंद आचेवर ठेवली आणि पळी त्या कॉमीच्याच हातात दिली. पाहुण्यांना काही कळलं नाही.

‘शेफ संकटात शांत असतात’ हे वाक्य मग भाषणात लिहावंच लागत नाही. पण त्या कॉमीला आधी विचारायला हवं. आज तो स्वतः सू-शेफ असेल, तर ही गोष्ट त्यानेच सांगितलेली बरी. दुसऱ्याने सांगितली तर त्याची चेष्टा झाल्यासारखं वाटेल. शेफच्या रागाच्या गमतींचंही तसंच. ज्यांनी तो राग झेलला, ते हसतीलच असं नाही.

असे प्रसंग जनरल मॅनेजरपेक्षा भांडी घासणाऱ्यांकडे आणि स्टोअरकीपरकडे जास्त सापडतात. रात्री शेवटचं पातेलं धुऊन होईपर्यंत कोण थांबतं, महागडं केशर किती जपून वापरलं जातं, हे त्यांनीच पाहिलेलं असतं.

घरच्यांचा उल्लेखही नेमका हवा. दिवाळी आणि एकतीस डिसेंबर हे हॉटेलातले सर्वांत गर्दीचे दिवस, म्हणजे त्या रात्री शेफ बहुधा घरी नसायचे. नुसते आभार मानण्याऐवजी बाईंसमोर हे स्पष्ट बोलावं.

एवढं सगळं चार-पाचशे शब्दांत, म्हणजे साधारण चार मिनिटांत बसतं. त्याहून लांबलं, तर ऐकणाऱ्यांची नजर घड्याळाकडे जाते, कारण सातला डिनरची पहिली ऑर्डर येणार असते.