ऑरोराचा ड्रेस आणि येवल्याची पैठणी

20 जुलै 2012 रोजी अमेरिकेतल्या ऑरोरा शहरात, मध्यरात्रीचा सिनेमा चालू असताना एका बंदूकधाऱ्याने प्रेक्षकांवर गोळ्या झाडल्या. 12 जण मारले गेले. त्याच दिवशी सेलेबबुटीक या ब्रिटिश ऑनलाइन कपड्यांच्या दुकानाला ट्विटरवर #Aurora जोरात चाललेला दिसला. त्यांच्याकडे ऑरोरा नावाचा ड्रेस होताच. ही चर्चा आपल्या ड्रेसचीच असणार, असं ट्विट त्यांनी करून टाकलं. लोक संतापले, ट्विट काढावं लागलं, आणि माफी मागताना दुकानाने कबूल केलं की हा शब्द कशामुळे चालतोय ते पाहिलंच नव्हतं.

त्या शब्दाखाली जमलेले लोक बातमी शोधत होते. ड्रेस कोणालाच नको होता.

खरं तर 2007 साली क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर # वापरण्याची कल्पना मांडली ती एका विषयाच्या लोकांचा छोटा गट जमावा म्हणून. त्यांनी उदाहरण दिलं होतं #barcamp चं, म्हणजे तंत्रज्ञांच्या एका मेळाव्याचं. गर्दीत घुसण्याची युक्ती म्हणून त्याकडे नंतर पाहिलं जाऊ लागलं.

आता येवल्यातला एखादा पैठणी विणणारा घेऊ. इन्स्टाग्रामवर साडीचा फोटो टाकताना तो #saree लिहितो. त्याखाली देशभरातल्या साड्यांचा असा लोंढा वाहतो की त्याचा फोटो काही क्षणांत खाली जातो. त्याने #paithani लिहिलं तर वाटेकरी कमी होतात, पण तिथेही यंत्रमागाच्या स्वस्त नकला आणि नवरीचा मेकअप करणाऱ्यांचे फोटो भेटतात. #yeolapaithani वर गर्दी आणखी कमी. तिथे येणाऱ्याला येवला ठाऊक असतो, आणि हातमागाची साडी महाग का पडते हेही बहुधा समजावून सांगावं लागत नाही.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. शोधपट्टीत शब्द टाकला की त्याच्या किती पोस्ट आहेत तो आकडा अनेकदा दिसतो. पण आकड्यावर थांबू नये. शब्द उघडून वरचे आठ-दहा फोटो पाहावेत. ते आपल्यासारख्याच मालाचे आहेत का? सगळेच लाखो अनुयायी असलेल्यांचे असतील, तर तिथे आपली डाळ शिजणं कठीण. शेवटची पोस्ट सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर ती गल्ली ओसाड आहे. स्वतःच्या दुकानाच्या नावाचा हॅशटॅगही असाच: तो ठेवायला हरकत नाही, पण दुकान ठाऊक नसलेला माणूस तो शोधणार कसा?

एक बारीक चूक मराठीत हमखास होते. #येवला पैठणी असं जागा सोडून लिहिलं, तर हॅशटॅग फक्त येवल्याचा होतो आणि आपली पैठणी तिथल्या बाजारभावांच्या नि राजकारणाच्या पोस्टमध्ये जाऊन पडते. दोन्ही शब्द जोडूनच लिहावे लागतात.

आणि हॅशटॅगांची लांबलचक माळ? 2021 मध्ये इन्स्टाग्रामनेच 3 ते 5 नेमके शब्द पुरेत, असं सुचवलं होतं. आपल्या विणकराला तेवढे सहज सापडतील: साडीचं नाव, गाव, हातमाग, आणि पदरावर मोर असेल तर मोर.