भेंडीच्या पाकिटावरचे ६५ टक्के

जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाण्यांच्या दुकानात भेंडीची दोन-तीन कंपन्यांची पाकिटं हातात घेऊन मागची बाजू वाचा. चित्रं वेगळी, वाणांची नावं वेगळी, किमतीही वेगळ्या. पण ‘किमान उगवण’ या शब्दांपुढे बहुतेक सगळीकडे एकच आकडा दिसेल : ६५ टक्के. तीन कंपन्यांचं बी तंतोतंत सारखंच उगवतं, असा त्याचा अर्थ नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली पिकागणिक उगवणीची खालची मर्यादा ठरवून दिलेली आहे. भेंडीसाठी ती ६५ टक्के, टोमॅटो आणि वांग्यासाठी ७०, मिरचीसाठी ६०. कंपनीच्या चाचणीत बी ८५ टक्के उगवलेलं असलं, तरी पाकिटावर ती सहसा ६५ च छापते, कारण छापलेल्या आकड्याला ती कायद्याने बांधली जाते. त्यामुळे दोन पाकिटांत निवड करताना या आकड्याचा काही उपयोग नाही. निवड करायची ती शेजारी बारीक अक्षरात छापलेल्या चाचणीच्या तारखेवरून.

पाकीट भरल्याची तारीख वेगळी आणि उगवणीची चाचणी केल्याची तारीख वेगळी. चाचणीपासून साधारण नऊ महिने तो आकडा ग्राह्य धरतात. भेंडीच्या बियात ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा लागतो, हवाबंद पाकिटात तर ८ टक्क्यांच्या आत. साधं कागदी पाकीट पावसाळी दमट हवेत महिनाभर राहिलं की बी हवेतली ओल ओढून घेतं आणि त्याचा जोम उतरू लागतो. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या पाकिटांचीही तीच गत. म्हणून चाचणी अलीकडची आणि पाकीट आतून चंदेरी असलेलं, एवढं पाहिलं तरी निम्मी निवड झाली.

हे ६५ टक्के मोजतात कुठे? प्रयोगशाळेत. चारशे बिया शंभर-शंभरच्या चार गटांत ओल्या कागदावर किंवा वाळूत ठेवतात, उष्णता आणि ओल सांभाळतात आणि ठरलेल्या दिवशी मोजणी करतात. मोजतात ती फक्त धड रोपं. मूळ खुंटलेलं, शेंडा मेलेला, सडका कोंब आलेला असेल तर बी फुटलं असूनही ते हिशेबात धरत नाहीत. म्हणजे मोजणी कडक, पण परिस्थिती मात्र बियाला सगळ्यात सोयीची. तुमच्या परसात काळी माती आहे, मुंग्या आहेत, एका रात्रीत चार इंच पडणारा पाऊस आहे. तिथली उगवण प्रयोगशाळेपेक्षा कमीच राहणार. पाकिटावरचं ‘अनुकूल परिस्थितीत’ हे सावध शब्दप्रयोजन यासाठीच असतं, आणि मला ते प्रामाणिक वाटतं. ‘१०० टक्के उगवण’ असं ठळक छापणाऱ्या पाकिटापासून मात्र मी लांब राहीन.

आता क्षेत्राचा हिशेब. समजा, पाकीट १० ग्रॅमचं आहे आणि त्यावर ‘सुमारे १५० चौरस फुटांसाठी’ असं लिहिलंय. भेंडीच्या हजार बियांचं वजन साधारण ६० ग्रॅम भरतं, म्हणजे १० ग्रॅममध्ये १६५ च्या आसपास बिया आल्या. पावसाळी भेंडीत दोन ओळींत ६० आणि दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवतात. एका झाडाला जवळपास दोन चौरस फूट जागा लागली. १५० चौरस फुटांत अशी ७५ ते ८० ठिकाणं बसतात. मग उरलेल्या बियांचं काय? प्रत्येक ठिकाणी दोन बिया टोकायच्या, हे त्या क्षेत्रात गृहीत धरलेलं आहे.

एकेकच बी टोकलं आणि उगवण ६५ टक्के झाली, तर शंभरातली ३५ ठिकाणं रिकामी राहतील. दोन-दोन टोकल्या तर दोन्ही बिया फसण्याची शक्यता शंभरात १२ च्या आसपास उतरते, तीन-तीन टोकल्या तर चारवर येते. दोन्ही उगवल्या तर पंधरा दिवसांनी जोमदार रोप ठेवून दुसरं काढायचं, म्हणजे विरळणी करायची. जागा जास्त आहे म्हणून तेच पाकीट ३०० चौरस फुटांवर पुरवू गेलात, तर बी वाचल्यासारखं वाटेल, पण मग नांगे भरायला दुसरं पाकीट आणावं लागेल आणि मागाहून लावलेली रोपं आधीच्या झाडांच्या सावलीत लुळी पडतील.

हंगामाच्या ओळीत सगळ्यात जास्त फसगत होते. पाकीट देशभर विकायचं असल्याने त्यावर ‘जून-जुलै, फेब्रुवारी-मार्च’ किंवा थेट ‘वर्षभर’ असं छापलेलं असतं. भेंडी उष्णतेची लेकुरवाळी. माती थंड असली, साधारण १७-१८ अंशांखाली, की तिचं बी नुसतं पडून राहतं आणि ओलीत कुजतं. मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीतही ती उगवू शकेल, पण निफाडला किंवा नागपूरला थंडी जाईपर्यंत थांबायलाच हवं. उन्हाळी भेंडीसाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा रिवाज आहे, पण त्यातही रात्रीचा गारवा ओसरलाय का, हे पाहूनच बी टोकावं. पावसाळ्यात उलट घाई नडते. पहिल्या सरीनंतर चिखलात बी घालण्यापेक्षा वाफसा आल्यावर, दोन-अडीच सेंटिमीटर खोल टोकावं.

बी जुनं असल्याची शंका असेल तर घरीच पाहता येतं. वीस बिया रात्रभर भिजत घालून ओल्या सुती कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवा, कापड सुकू देऊ नका आणि आठ-दहा दिवसांनी मोजा. तेरा उगवल्या तर पाकिटावरचा आकडा जुळला. वीसच बिया असल्याने दहा किंवा सोळा आल्या तरी तो योगायोग असू शकतो. आठच्या खाली गेल्या तर मात्र ते बी लावू नये. बिया गुलाबी किंवा निळ्या दिसत असतील तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्या हाताळल्यावर हात धुवा, आणि उरलेल्या बिया कोंबड्यांपुढे टाकू नका.

वाफ्यात दहा दिवसांनी उगवण दिसली नाही, तर दोष बियाण्यावर ढकलण्याआधी तीन-चार ठिकाणी माती हळूच उकरावी. बी जसंच्या तसं टणक सापडलं तर त्याला ओल पोचलेली नाही किंवा ते ‘कडक बी’ आहे. भेंडीत अशा जाड सालीच्या बिया असतातच, म्हणून तर पेरण्याआधी भिजवायच्या. फुगून लिबलिबीत झालेलं बी गारठ्याने, साचलेल्या पाण्याने किंवा वयाने गेलं. बीच दिसलं नाही तर मुंग्या किंवा उंदीर. कोंब आलाय, पण मान वाकवून वरच्या पापुद्र्याखाली अडकलाय, तर बी उत्तम होतं, माती घट्ट झाली होती. या शेवटच्या बाबतीत झारीने हलकं पाणी देऊन पापुद्रा भिजवला तर अजूनही बरीच रोपं बाहेर येतात.

बिया सर्वत्र कुजलेल्याच निघाल्या आणि त्याच दिवशी टोकलेली शेजारच्या वाफ्यातली दुसऱ्या पाकिटाची भेंडी वर आलेली असेल, तर तक्रारीला जागा आहे. त्यासाठी पावती, रिकामं पाकीट आणि त्यावरचा लॉट नंबर लागतो. तालुक्याच्या कृषी कार्यालयात बियाणे निरीक्षकाकडे अर्ज देता येतो, आणि त्याच लॉटचं बी दुकानात शिल्लक असेल तर त्याचा नमुना तपासणीला जाऊ शकतो. घरच्या बागेसाठी म्हणून हल्ली साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत, नुसतं चित्र चिकटवून विकलं जाणारं बी असतं. त्यावर लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवण यातलं काहीच नसतं. अशा पुडीबद्दल तक्रार कोणत्या आधारावर करणार? ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.