काम निम्म्यावर आल्यावर खर्च वाढला, तर ग्राहकाला सुधारित कोटेशन कसं पाठवायचं?

घरातलं बाथरूम नव्यानं करायला काढलं की एक प्रसंग हमखास येतो. कोटेशन ठरलेलं असतं, ॲडव्हान्स दिलेला असतो, जुन्या टाइल्स तोडून झालेल्या असतात. मग भिंतीतून गंजलेले पाइप बाहेर येतात. त्याच सुमाराला घरमालकालाही वाटतं, की टाइल्स आता छतापर्यंतच लावून घ्याव्यात. कंत्राटदार म्हणतो, "करून टाकू, बघू नंतर." आणि काम संपल्यावर बिल दहा-अकरा हजारांनी जास्त निघतं.

भांडण तिथेच सुरू होतं. बऱ्याचदा वाढलेले पैसे वाजवी असतात. तरीही ग्राहकाला फसवल्यासारखं वाटतं, कारण ते कशाचे आहेत हे त्याला खर्च होऊन गेल्यावर कळतं. हे टाळण्यासाठी मधल्या टप्प्यावर एक पत्र पाठवायचं असतं. त्याला सुधारित कोटेशन म्हणतात. ते कसं लिहायचं आणि ते हातात आल्यावर ग्राहकानं काय तपासायचं, हे एका उदाहरणातून पाहू.

आधी मूळ कोटेशन बघू

समजा बाथरूम ७ फूट बाय ५ फूट आहे. मूळ कोटेशनमध्ये भिंतींना ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स होत्या. चारही भिंतींची लांबी मिळून २४ फूट होते. २४ गुणिले ७ म्हणजे १६८ चौरस फूट. त्यातून दरवाजाची जागा वजा केली की साधारण १५० उरतात. जमिनीचे ३५ मिळवले की टाइल्सचं काम १८५ चौरस फूट होतं. टाइल्स ग्राहक स्वतः आणणार होता. (खालचे दर उदाहरणापुरते आहेत. ते गावागणिक बदलतात.)

- जुन्या टाइल्स तोडणं आणि राडारोडा हलवणं: १४,००० रुपये
- वॉटरप्रूफिंग, ६० चौरस फूट, दर १०० रुपये: ६,००० रुपये
- टाइल्स लावणं, सिमेंट-वाळूसह, १८५ चौरस फूट, दर ९० रुपये: १६,६५० रुपये
- नळ, कमोड आणि बेसिन बसवणं: ९,००० रुपये (यात बेसिनचे १,५०० रुपये)
- एकूण: ४५,६५० रुपये, मुदत १२ दिवस

नेमकं काय बदललं?

सुधारित कोटेशन लिहिण्याआधी बदलांची तीन भागांत विभागणी करायची. कारण प्रत्येक भागाची जबाबदारी वेगळी असते.

पहिला भाग म्हणजे ग्राहकानं स्वतः सांगितलेली वाढ. इथे त्याला टाइल्स ७ फुटांऐवजी ९ फुटांपर्यंत, म्हणजे छतापर्यंत हव्या आहेत. ही वाढ २४ गुणिले २, म्हणजे ४८ चौरस फूट होते. दरवाजा ७ फुटांवर संपतो, त्यामुळे या भागात त्याची वजावट नाही. शिवाय ७ फुटांच्या वर रंग दिलेलं प्लास्टर आहे. टाइल्स नीट धराव्यात म्हणून त्यावर टाचे मारावे लागतात. ते काम आधी नव्हतं.

दुसरा भाग म्हणजे तोडफोडीनंतर दिसलेली गोष्ट. भिंतीतले जुने लोखंडी जीआय पाइप गंजले आहेत. तिथे सीपीव्हीसीची नवी लाइन टाकावी लागेल. हे ग्राहकानं मागितलेलं नाही आणि कंत्राटदारालाही बाहेरून दिसलेलं नव्हतं.

तिसरा भाग म्हणजे कमी झालेलं काम. ग्राहकानं बेसिन बाथरूमबाहेर, पुढे कधीतरी बसवायचं ठरवलं. ते १,५०० रुपये वजा व्हायला हवेत. सुधारित कोटेशनमध्ये नेमकी हीच ओळ अनेकदा गायब असते.

एक चौथा प्रकारही असतो, पण त्याला या पत्रात जागा नाही. कंत्राटदारानं माप चुकीचं घेतलं, त्याच्या माणसाकडून टाइल्स फुटल्या किंवा त्यानं दर कमी धरला होता, हे कामातले बदल नव्हेत. तो त्याचा स्वतःचा तोटा आहे. सुधारित कोटेशनच्या आडून तो ग्राहकावर टाकता येत नाही.

आता पत्र

> प्रति,
> (ग्राहकाचं नाव आणि पत्ता)
>
> विषय: बाथरूम दुरुस्ती, कोटेशन क्र. १४ मधील सुधारणा क्र. १
>
> स. न. वि. वि.
>
> कोटेशन क्र. १४ प्रमाणे ४५,६५० रुपयांचे काम आपण आम्हाला दिले आहे. तोडफोड पूर्ण झाली आहे. त्यानंतर कामात पुढील बदल झाले आहेत.
>
> अ) आपण सांगितलेली वाढ
> १. टाइल्स ७ फुटांवरून ९ फुटांपर्यंत: ४८ चौ. फूट × ९० = ४,३२० रु. (दर मूळ कोटेशनचाच)
> २. वाढीव भागावर टाचे मारणे: ४८ चौ. फूट × १५ = ७२० रु. (नवीन बाब)
>
> ब) तोडफोडीनंतर आढळलेले काम
> ३. गंजलेले जीआय पाइप काढून सीपीव्हीसी लाइन टाकणे, सामानासह: ४० फूट × १८० = ७,२०० रु. (नवीन बाब, फोटो सोबत)
>
> क) कमी झालेले काम
> ४. बेसिन बसवणे: वजा १,५०० रु.
>
> मूळ रक्कम ४५,६५० + वाढ १२,२४० − घट १,५०० = सुधारित रक्कम ५६,३९० रु.
>
> बाब ३ आपणास नको असल्यास जुनी लाइन तशीच ठेवता येईल. मात्र त्या लाइनमधून पुढे गळती झाल्यास तिची जबाबदारी आम्ही घेऊ शकणार नाही.
>
> मुदत १२ दिवसांऐवजी १५ दिवस होईल. वाढीव ४८ चौ. फुटांच्या टाइल्स आपण आणाव्यात.
>
> आपले २०,००० रु. जमा आहेत. उरलेले ३६,३९० रु. असे द्यावेत: पाइपची प्रेशर टेस्ट झाल्यावर १०,०००, टाइल्स पूर्ण झाल्यावर १८,०००, काम ताब्यात घेताना ८,३९०.
>
> मूळ कोटेशनच्या बाकीच्या अटी कायम आहेत. आपली मान्यता आल्यावरच बाब १ ते ३ चे काम सुरू करू. तोवर वॉटरप्रूफिंग आणि टाइल्सही थांबतील, कारण पाइप त्यांच्याखाली जातात. कृपया तीन दिवसांत कळवावे.
>
> आपला,
> (सही, दिनांक)

या पत्रात काय काय जमलंय?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुनी रक्कम लपवलेली नाही. ४५,६५० पासून ५६,३९० पर्यंतचा प्रत्येक रुपया दिसतो. याउलट कोऱ्या कागदावर नुसतं "एकूण ५६,३९०" लिहून पाठवलं, तर ग्राहक दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून फरक शोधत बसतो. आणि न सापडलेल्या फरकाला तो फसवणूक समजतो.

दुसरं, टाइल्सचा दर ९० च राहिला. काम वाढलं म्हणून आधीच ठरलेला दर बदलत नाही. नवा दर फक्त टाचे आणि पाइप यांसारख्या नव्या बाबींना लागतो, आणि तिथे तसं लिहिलेलं आहे.

तिसरं, पाइपच्या बाबतीत ग्राहकाला नाही म्हणायची मुभा आहे आणि त्याचा परिणामही सांगितलेला आहे. हे पत्र टाइल्स लावण्याआधी जायला हवं, कारण त्यानंतर पाइप बदलायचा तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात. उशिरा आलेल्या पत्रावर ग्राहकाकडे निवड उरत नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ नुसार दोन्ही बाजू सहमत असतील तरच करारात बदल होतो. म्हणजे नुसतं पत्र पाठवल्यानं रक्कम बदलत नाही. समोरून होकार यावा लागतो.

मग होकार न घेताच काम केलं तर? कलम ७० म्हणतं, की एखाद्यानं फुकट करायचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा फायदा घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. पण ते काम मूळ कोटेशनबाहेरचं होतं आणि ग्राहकानं ते स्वीकारलं, हे सिद्ध करण्याचा भार कंत्राटदारावर येतो. टाइल्सखाली गेलेला पाइप दाखवणार कसा? म्हणून फोटो आणि पत्र.

होकार व्हॉट्सॲपवर चालतो का? माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १०-अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणानं तो अमान्य ठरत नाही. फक्त अंगठ्याची इमोजी किंवा नुसतं "ओके" यावर थांबू नका. "सुधारणा क्र. १, रक्कम ५६,३९०, बाब १ ते ४ मान्य" असं एक वाक्य मागवून घ्या. फोनवर बोलणं झालं असेल, तर ठरलेलं लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्याला उत्तर घ्या.

तुम्ही ग्राहक असाल तर

असं पत्र आलं की आधी वाढीव माप टेपनं स्वतः मोजा. जुन्या बाबींचे दर मूळ कोटेशनशी ताडून पाहा. जे काम रद्द केलंत ते वजा झालंय का, ते शोधा. आणि जीएसटीची ओळ पाहा. मूळ कोटेशनमध्ये कर नव्हता आणि सुधारित कोटेशनमध्ये अचानक आला, तर नोंदणी क्रमांक मागा. जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही.

काही बाबी मान्य आणि काही नामंजूर असं उत्तरही देता येतं. वरच्या उदाहरणात टाइल्स ७ फुटांपर्यंतच ठेवायच्या ठरल्या, तर बाब १ आणि २ चे ५,०४० रुपये कमी होऊन रक्कम ५१,३५० वर येते. बाबी सुट्या लिहिलेल्या असल्या, की असा हिशेब ग्राहकाला दोन मिनिटांत करता येतो.