उत्तर येईपर्यंतची सेकंदं

एका ऑनलाइन दुकानाच्या चॅटबॉटला ग्राहक विचारतो, "माझा मिक्सर कुठवर आलाय? आणि नको असेल तर परत करता येईल का?" बॉटला तीन चौकश्या कराव्या लागतात: ऑर्डरची नोंद, कुरियरची स्थिती आणि परतीचे नियम. समजा त्यांना अनुक्रमे १, ३ आणि १ सेकंद लागतो. शिवाय पुढची चौकशी कोणती हे ठरवायला मॉडेल दर वेळी सेकंदभर घेतं. एकामागून एक केलं, तर ८ सेकंद स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

तिन्ही चौकश्या एकदम सुटू शकत नाहीत. कुरियरला पार्सलचा क्रमांक लागतो आणि तो ऑर्डरच्या नोंदीतून मिळतो. परतीच्या नियमांना मात्र कुणाचीच वाट पाहायची गरज नाही. म्हणून नोंद आणि नियम एकत्र मागवले, मग कुरियर: ८ चे ६ झाले. क्रमांक मिळताच कुरियरला विचारण्याचं काम मॉडेलकडे परत न पाठवता प्रोग्रॅमनेच केलं, तर ५. माझ्या मते या शेवटच्या बदलाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. पण ऑर्डर रद्द करणं आणि पैसे परत देणं अशी कामं कधीही एकदम सोडू नयेत. एक फसलं आणि दुसरं झालं, तर निस्तरणं अवघड.

मग लिहिण्याचा वेळ. मॉडेल उत्तर टोकन नावाच्या छोट्या तुकड्यांत, एकापुढे एक लिहितं. सेकंदाला ५० टोकन धरले, तर ३०० टोकनांच्या उत्तराला ६ सेकंद लागतात, १०० ला २. मराठीत तोच मजकूर सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो, त्यामुळे पाल्हाळ इथे अधिक महाग पडतो. त्यावर टोकनांची मर्यादा घालणं हा उपाय नव्हे. त्याने वाक्य मध्येच तुटतं. "आधी थेट उत्तर, दोन वाक्यांत" अशी सूचनाच द्यावी लागते.

उरलेल्या शांततेसाठी पोच. जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही वापरतात: सेकंदभरापर्यंत माणसाची विचारांची लय टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. म्हणून चौकशी सुरू होतानाच "मिक्सरची ऑर्डर आणि परतीचे नियम बघतो" एवढं दिसावं. "ऑर्डर सापडली" असं मात्र नको, कारण ती अजून सापडलेली नसते. इथे एक चूक नेहमी होते. उत्तर तयार होईल तसं पाठवण्याची सोय, म्हणजे स्ट्रीमिंग, बंद असते आणि पोच मुख्य उत्तरासोबतच येऊन पडते. प्रश्न आला, पोच दिसली, उत्तर संपलं, या तीन वेळा नोंदवल्या की हे लगेच कळतं.

कुरियरची यंत्रणा अडकलीच, तर एकत्र सोडलेल्या चौकश्याही तिच्यापायी थांबतात. त्यासाठी समजा ४ सेकंदांची मुदत ठेवावी. ती उलटली, की परतीचे नियम सांगून टाकावेत आणि कुरियरकडून माहिती अजून आलेली नाही, हे स्पष्ट लिहावं.