नकाशावरची रेघ आणि जिन्यातली वायर

गिरगाव, दादर किंवा लालबागमधल्या जुन्या इमारतीत दहा-पंधरा माणसांचे ऑफिस असले, तर त्याच्या नेटवर्कचा आराखडा, म्हणजे कोणते यंत्र कोणत्या यंत्राला वायरने जोडले आहे हे दाखवणारा नकाशा, बहुधा एका कागदावर मावतो. रीतसर काढलेल्या आराखड्यात राउटरसाठी बाण असलेली गोल चकती आणि स्विचसाठी उलटसुलट बाणांचा चौकोन वापरतात. परंतु वायरिंग करणाऱ्याने घाईत काढलेल्या कागदावर सगळ्याच चौकटी सारख्या दिसतात आणि राउटर कोणता हे खुणेवरून कळत नाही. अशा वेळी पत्ते पाहावे लागतात. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. ज्या चौकटीच्या एका बाजूला सेवा कंपनीने दिलेला बाहेरचा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला 192.168.1.1 यासारखा फक्त ऑफिसात चालणारा पत्ता लिहिलेला असतो, ती चौकट राउटरची, कारण दोन वेगळ्या नेटवर्कांच्या सीमेवर उभे राहून एकीकडचा मजकूर दुसरीकडे पोचवणे हेच त्याचे काम असते. स्विच मात्र एकाच नेटवर्कच्या आत बसतो आणि त्याच्या सगळ्या रेघांवरचे पत्ते एकाच कुळातले असतात. घरगुती डब्यात राउटर, स्विच आणि वायफाय ही तिन्ही कामे एकत्र असतात व तिन्हींना मिळून लोक राउटरच म्हणतात, त्यामुळे कागदावर ‘राउटर’ असे लिहिलेले दिसले तरी ती चौकट सीमेवर आहे का, हे पाहिलेले बरे.

उदाहरणादाखल गिरगावातल्या एका सीए ऑफिसाचा आराखडा कल्पिता येईल, ज्याचा मुख्य भाग तळमजल्यावर आहे आणि वर पाच जणांना बसण्यापुरता पोटमाळा आहे. कागदाच्या माथ्यावर ढग आहे. ढग म्हणजे ऑफिसच्या हाताबाहेरचे सारे इंटरनेट, आणि तिथे काही बिघडले तर वाट पाहण्याखेरीज ऑफिसला फारसे काही करता येत नाही; जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट मंदावले होते. ढगातून फायबरची रेघ सेवा कंपनीच्या छोट्या डब्यात येते, जो प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतो आणि ज्याला ओएनटी म्हणतात. तिथून एक रेघ राउटरला आणि राउटरपासून एक रेघ चोवीस पोर्टच्या मुख्य स्विचला जाते. या स्विचवर नऊ संगणक, फायली ठेवलेला सर्व्हर, प्रिंटर आणि वायफायचा डबा असून त्याच्यापासून निघालेली एक रेघ पोटमाळ्यावरच्या आठ पोर्टच्या स्विचला पोचते, ज्याला उरलेले पाच संगणक जोडलेले आहेत.

बिघाडाच्या जागा शोधण्याची सोपी रीत म्हणजे एकेक रेघ बोटाने झाकून कोण तुटते ते पाहणे. ओएनटी आणि राउटर यांच्यामधली रेघ झाकली तर इंटरनेट सगळ्यांचेच जाते, पण सर्व्हरवरच्या फायली उघडतात आणि छपाईही होते, कारण ती वाहतूक राउटरपर्यंत जातच नाही. ‘नेट गेले’ म्हणून हिशेबाचे काम बंद ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. मुख्य स्विच झाकला तर सारे ऑफिस विस्कटते. राउटर झाकल्याचा परिणाम मात्र थोडा फसवा असतो: चालू असलेले संगणक आपापल्या पत्त्यांवर सर्व्हरशी बोलत राहतात, परंतु पत्ते वाटण्याचे कामही बहुधा राउटरकडेच असल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने सुरू केलेल्या संगणकांना पत्ता मिळत नाही आणि काल चालणाऱ्या फायली आज उघडत नाहीत.

आता सकाळी पोटमाळ्यावरच्या पाचही जणांच्या फायली उघडेनात आणि खाली सर्व काही सुरळीत आहे, असे समजावे. आराखड्यावरून राउटर, सर्व्हर आणि मुख्य स्विच हे बहुतांशी निर्दोष ठरतात. संशय उरतो तो दोन स्विचांमधल्या वायरवर, तिच्या दोन टोकांच्या पोर्टांवर आणि वरच्या छोट्या स्विचवर. यांपैकी नेमके कोण, हे पोटमाळ्यावरच्या एका विंडोज संगणकावर दोन आज्ञा देऊन बरेचसे कळते.

```
ipconfig
ping 192.168.1.1
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `Media disconnected` असे आले, तर संगणकाला वायरच्या पलीकडे जिवंत यंत्रच सापडत नाही. पाचही जणांकडे तेच दिसत असेल तर छोट्या स्विचची वीज गेली आहे किंवा तो जळाला आहे. उलट 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर छोटा स्विच जागा आहे, पण पत्ता मागणारी हाक राउटरपर्यंत पोचलेली नाही, म्हणून संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी दोष दोन स्विचांना जोडणाऱ्या रेघेत असण्याचीच शक्यता जास्त, आणि ती वायर ज्या पोर्टांत शिरते तिथले दिवे पेटलेले नसतील तर संशय पक्का होतो. पत्ता 192.168.1 याच कुळातला असेल आणि दुसऱ्या आज्ञेला राउटरचे उत्तरही येत असेल, तर वायरिंग ठीक आहे आणि शोध सर्व्हरकडे वळवावा लागतो.

ही एकच रेघ पाच जणांना तोडते हे कळल्यावर दुसरी वायर टाकून दोन्ही स्विच दुहेरी जोडावेत असे कोणालाही सुचेल, आणि साध्या स्विचांच्या बाबतीत हाच उपाय घातक ठरतो. सर्वांना उद्देशून धाडलेला संदेश स्विच आपल्या बाकी सगळ्या पोर्टांतून पुढे पाठवतो. दोन वायरींमुळे वर्तुळ तयार झाले की तोच संदेश त्यात फिरत व वाढत राहतो, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागतात आणि मिनिटाभरात पूर्ण ऑफिस ठप्प होते. जादा वायर ओळखून ती गरज पडेपर्यंत बंद ठेवण्याची युक्ती राडिया पर्लमन यांनी १९८० च्या दशकात शोधली, ती स्पॅनिंग ट्री या नावाने ओळखली जाते. परंतु ती महागड्या स्विचांत असते, बाजारात स्वस्त मिळणाऱ्या आठ पोर्टच्या डब्यात सहसा नसते. त्यामुळे दुसरी वायर टाकून तिची टोके मोकळी ठेवणे आणि पहिली गेल्यावरच ती हाताने लावणे हे दिसायला गावठी, पण छोट्या ऑफिसला परवडणारे उत्तर आहे.

आराखड्यावर न काढलेली गोष्ट म्हणजे वीज. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीडमधल्या बिघाडाने मुंबईची वीज गेली तेव्हा यूपीएस असलेल्या ऑफिसांनाही ज्या अडचणीचा सामना करावा लागू शकत होता, ती या कागदावर शोधून सापडत नाही: राउटर आणि मुख्य स्विच यूपीएसवर, पण दाराजवळच्या भिंतीवरचा ओएनटी मात्र साध्या प्लगवर. एवढ्याने यूपीएस चालू असून इंटरनेट बंद पडते. प्रत्येक चौकटीशेजारी ती कोणत्या प्लगवर आहे हे पेन्सिलीने लिहिले की ही फट लगेच दिसते. हिंदमाताजवळ पाणी साचणाऱ्या तळमजल्यावरच्या ऑफिसांनी तो प्लग जमिनीपासून किती उंच आहे हेही लिहावे.

तसेच दुसऱ्या कंपनीचे जादा कनेक्शन घेतलेल्या ऑफिसाच्या कागदावर ढगापासून राउटरपर्यंत दोन स्वतंत्र रेघा काढलेल्या असतात आणि त्या पाहून निर्धास्त वाटते, कारण एक तुटली तरी राउटर दुसरीवर जातो. जुन्या इमारतीत मात्र दोन्ही केबली पुष्कळदा एकाच गच्चीवरून उतरतात, जिन्यातल्या एकाच पट्टीतून मीटरच्या फळ्यामागून जातात आणि रंगाऱ्याच्या किंवा सुताराच्या एकाच फटक्यात दोन्ही कापल्या जातात. हे तपासायचे तर कागद हातात घेऊन गच्चीपर्यंत जिना चढावा लागतो आणि प्रत्येक मजल्यावर दोन केबली कुठे एकत्र येतात तिथे नकाशावर त्या दोन रेघांभोवती एक गोल काढावा लागतो.