जुन्या दिवशीचे जुनेच आकडे

समजा तुम्हाला एक नियम तपासायचा आहे: ज्या कंपनीकडे रोकड भरपूर आहे, नफा चांगला आहे आणि भाव मात्र कमी आहे, तिचे शेअर घ्यायचे. गेल्या वीस वर्षांत याने किती परतावा दिला असता, हे संगणकावर काढून बघतात. त्याला बॅकटेस्ट म्हणतात. आता या नियमाला ६ जानेवारी २००९ या दिवशी उभे करा.

त्या दिवशी सत्यम कॉम्प्युटरचा शेअर १७९ रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटींची विक्री आणि ६४९ कोटींचा परिचालन नफा दाखवला होता. पुस्तकात रोकड व बँक शिल्लक होती ५,३६१ कोटी. शेअर सुमारे ६७ कोटी, म्हणजे दर शेअरमागे ८० रुपये रोख. १७९ च्या शेअरमध्ये ८० रुपये रोकडच, वर चालता धंदा! आपला नियम हा शेअर डोळे झाकून उचलणार.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रामलिंग राजू यांचे पत्र आले. ५,३६१ पैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. तिमाहीची खरी विक्री २,११२ कोटी आणि खरा नफा ६१ कोटी. शेअर त्याच दिवशी चाळिशीच्या आसपास येऊन थांबला.

समजा तुमच्या डेटात कोणीतरी, चांगल्या हेतूनेच, चुकीचे आकडे काढून खरे भरून ठेवले आहेत. मग ६ जानेवारीला तुमच्या नियमाला ६४९ ऐवजी ६१ दिसतात आणि दर शेअरमागे रोकड पाच रुपयांहूनही कमी. नियम सत्यमकडे ढुंकूनही बघत नाही आणि ७५ टक्क्यांहून मोठी घसरण चुकवतो. तुम्हाला वाटते नियम हुशार आहे. प्रत्यक्षात त्याला उद्याचे वर्तमानपत्र आदल्या दिवशी वाचायला मिळाले. खऱ्या गुंतवणूकदाराचे पैसे त्या दिवशी बुडालेच असते, आणि ते बॅकटेस्टमध्येही बुडायला हवेत.

व्हॅल्यूच्या चाचणीला हा दोष जास्त छळतो. कारण स्वस्त दिसणाऱ्या शेअरांत, ज्यांचे आकडे पुढे खाली येणार आहेत असे बरेच असतात. ते आधीच गाळले गेले की उरतात ते खरोखरचे स्वस्त. हा परतावा फुगवण्याचा सगळ्यात बेमालूम मार्ग आहे.

घोटाळा नसतानाही आकडे बदलतात. मोठ्या कंपन्यांना २०१६-१७ पासून नवी लेखामानके, इंड एएस, लागू झाली, तेव्हा तुलनेसाठी २०१५-१६ चे आकडेही नव्या पद्धतीने मांडले गेले. एकाच समूहातल्या दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले की मागच्या वर्षाचा रकाना दोन्हींना एकत्र धरून लिहितात. म्हणून यंदाच्या निकालातला ‘मागील वर्ष’ हा रकाना म्हणजे मागच्या वर्षी छापलेला आकडा, असे गृहीत धरू नका.

उपाय कंटाळवाणा आहे. दर आकड्यासोबत दोन तारखा ठेवायच्या: तो कोणत्या कालावधीचा, आणि तो लोकांना कधी कळला. दुरुस्ती आली तर जुनी ओळ खोडायची नाही. नवी ओळ, नव्या तारखेने, खाली लिहायची. चाचणीच्या दिवशी, त्या दिवसापर्यंत कळलेल्या ओळींतली शेवटची घ्यायची. सत्यमसाठी अशा दोन ओळी होतात. एकीत ६४९, तारीख ऑक्टोबर २००८ ची. दुसरीत ६१, तारीख ७ जानेवारी २००९ ची.

कळण्याची तारीख अंदाजाने भरणे हा पळवाटीचा मार्ग आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे वार्षिक निकाल साठ दिवसांत लागतात, म्हणून मार्चचे आकडे सगळीकडे ३० मेला टाकतात. पण मार्च २०२० च्या निकालांना कोरोनामुळे सेबीने ३१ जुलैपर्यंत मुदत दिली होती. त्या वर्षी हा अंदाज बऱ्याच कंपन्यांचे निकाल त्यांनी जाहीर करण्याआधीच तुमच्या हाती देतो. अमेरिकेत फामा आणि फ्रेंच यांनी १९९२ च्या अभ्यासात आधीच्या कॅलेंडर वर्षात संपलेल्या आर्थिक वर्षाचे आकडे पुढच्या जुलैपासूनच वापरले. किमान सहा महिने अंतर! ढोबळ आहे, पण चूक सावधपणाच्या बाजूने होते. मात्र या अंतराने फक्त वेळेचा दोष जातो, मागाहून बदललेला आकडा त्यातून सुटून जातो.

तो पकडायला एकच खात्रीची तपासणी आहे. तुमच्या डेटातून पंचवीस-तीस कंपन्या घ्या, त्यात विलीनीकरण झालेल्या मुद्दाम घ्या, आणि त्यांचे जुने निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरच्या मूळ पीडीएफशी ताडून बघा. तिथे जाहीर केल्याची तारीख आणि वेळही मिळते. चार-पाच आकडे जरी जुळले नाहीत, तरी त्या डेटावर काढलेल्या परताव्याच्या भरवशावर पैसे लावू नका.