थेंबाच्या वजनातून पृष्ठताण

सलाइन लावलेल्या रुग्णाशेजारी बसलेल्या कुणीही ते थेंब मोजलेले असतात. नेहमीच्या सेटच्या पाकिटावर '२० थेंब = १ मिली' असं छापलेलं असतं आणि नर्स त्या भरवशावर मिनिटाला किती थेंब सोडायचे ते ठरवते. एकाच तोटीतून पडणारे थेंब जवळजवळ सारख्याच वजनाचे असतात, म्हणून हा हिशेब चालतो. पाण्याचा पृष्ठभाग स्वतःला आकसून घेऊ पाहतो आणि त्याच ओढीने थेंब तोटीच्या कडेला धरून ठेवलेला असतो. वजन त्या ओढीपेक्षा जास्त झालं की थेंब सुटतो. तेव्हा सुटलेला थेंब तोलला, तर ही ओढ, म्हणजेच पृष्ठताण, मोजता आली पाहिजे.

प्रयोगाला लागणारं साहित्य फारसं नाही. टोक सपाट घासलेली काचेची नळी, ती जोडायला ब्युरेट किंवा सिरिंज, आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू. पाणी काचेला भिजवत नळीच्या बाहेरच्या कडेपर्यंत पसरतं, म्हणून त्रिज्या बाहेरची घ्यायची. आतलं भोक कितीही बारीक असलं तरी थेंबाचं वजन ठरवते ती बाहेरची कड. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली हा व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा, कारण त्रिज्येत एक टक्का चूक झाली तर उत्तरही साधारण तेवढंच चुकतं. मग झाकणाच्या बाटलीत पन्नास थेंब गोळा करायचे. एकच थेंब तोलण्यात अर्थ नाही. पन्नास तोलले की तराजूची चूक पन्नासांत वाटली जाते. मात्र मोजताना एक थेंब जरी निसटला, तरी उत्तर दोन टक्क्यांनी हलतं.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. नळीच्या टोकाचा व्यास ५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या २.५. पाणी २० अंश सेल्सिअसचं. पन्नास थेंबांचं वजन ३.६५० ग्रॅम, म्हणजे एका थेंबाचं ७३.० मिलिग्रॅम. गुरुत्वप्रवेग महाराष्ट्रात सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, तेव्हा हा थेंब ०.७१५ मिलिन्यूटन बलाने खाली ओढत होता. त्याला धरून ठेवणाऱ्या कडेचा परीघ १५.७१ मिलिमीटर. बलाला परिघाने भागलं की मीटरमागे ४५.५ मिलिन्यूटन येतात. पण २० अंशांना पाण्याचा पृष्ठताण ७२.७ ते ७२.८ आहे, हे पक्कं माहीत आहे. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक ओढ हिशेबातून निसटली.

ती कुठे गेली हे डोळ्यांनी पाहता येतं. नळीमागे काळा कागद धरा, बाजूने उजेड पाडा आणि पाणी अगदी सावकाश सोडा. थेंब आधी फुगतो, मग लांबट होतो. तोटीच्या खाली त्याला मान फुटते, ती झपाट्याने बारीक होत तुटते, आणि पाठोपाठ बरेचदा एक चिमुकला थेंबही पडतो. मान तुटते ती तोटीपासून काही अंतर खाली. तिच्या वरचं पाणी तोटीलाच चिकटून राहतं आणि पुढच्या थेंबात मिसळतं. कडेने तोललं होतं ते अख्ख्या लोंबत्या थेंबाला. आपल्या बाटलीत पडतो तो त्यातला खालचा भाग.

थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये थेंबाचं वजन नळीच्या व्यासाच्या प्रमाणात असतं असं मांडलं, आणि ते त्यांच्या नावाने नियम म्हणून रूढ झालं. १८९९ मध्ये लॉर्ड रॅले यांनी सूत्रातल्या दोन पाय, म्हणजे ६.२८ या आकड्याच्या जागी ३.८ घ्यावा असं सुचवलं. आपल्या थेंबाला ते लावलं तर उत्तर ७५.२ येतं, म्हणजे बरंच जवळ. पण तोटीला किती पाणी उरतं हे प्रत्येक नळीला सारखं नसतं, त्यामुळे एका ठरावीक आकड्याने सगळ्यांचं भागत नाही. १९१९ मध्ये हार्किन्स आणि ब्राउन यांनी पृष्ठताण आधीच माहीत असलेल्या द्रवांचे थेंब वेगवेगळ्या जाडीच्या नळ्यांतून पाडून दुरुस्तीचं कोष्टक तयार केलं. ते वापरायला एकच गुणोत्तर काढावं लागतं: नळीची त्रिज्या भागिले थेंबाच्या घनफळाचं घनमूळ.

आपल्या थेंबाचं घनफळ ७३.१ घन मिलिमीटर, त्याचं घनमूळ ४.१८. २.५ ला त्याने भागलं की ०.५९८ येतात. कोष्टकात ०.५५ समोर ०.६३६२ आहे आणि ०.६० समोर ०.६२५०. मधला आकडा ०.६२५५ धरू. आता ४५.५ ला ०.६२५५ ने भागा. उत्तर ७२.७. कोष्टकातला हा आकडा मला फार बोलका वाटतो, कारण कडेने धरलेल्या वजनापैकी जवळजवळ ६३ टक्केच खाली पडलं, हे तो थेट सांगतो.

हे कोष्टक टाळण्याची एक पळवाट कॉलेजात सर्रास वापरली जाते. पाणी आणि दुसरा द्रव एकाच नळीतून पाडायचे आणि पृष्ठताण थेंबांच्या वजनांच्या प्रमाणात आहेत असं धरायचं. याच नळीतून इथेनॉलचा थेंब साधारण २१.४६ मिलिग्रॅमचा पडेल. प्रमाण लावलं की उत्तर २१.४ येतं. पण हा थेंब लहान असल्याने त्याचं गुणोत्तर ०.८३ आहे आणि दुरुस्ती ०.५९९५. ती वापरली की २२.३ मिळतात, आणि तेच खरं आहे. पळवाटेने चार टक्के खाल्ले. दोन्ही द्रवांचे थेंब साधारण सारख्या आकाराचे असतील तेव्हाच ती वापरावी.

दुसरी रीत कड्याची. प्लॅटिनम-इरिडियमच्या तारेचं, सहा सेंटिमीटर परिघाचं कडं द्रवात बुडवून हळूहळू वर ओढतात आणि सर्वांत मोठं बल टिपतात. पाण्याचा पडदा कड्याला आतून आणि बाहेरून असा दोन्हींकडून धरतो, म्हणून भागायचं १२ सेंटिमीटरने. शुद्ध पाण्याला ही ओढ सुमारे ०.९५ ग्रॅमच्या वजनाएवढी भरते आणि उत्तर ७७.६ येतं. इथे चूक उलट दिशेची आहे, कारण कडं स्वतःबरोबर थोडं जादा पाणीही उचलतं. तारेच्या जाडीनुसार दुरुस्ती करावी लागते. नेहमीच्या कड्याला ती ०.९४ च्या आसपास असते आणि उत्तर पुन्हा ७३ च्या जवळ येतं. कडं जरा वाकलं, किंवा पृष्ठभागाशी तिरकं राहिलं, की पडदा एका बाजूने आधी फाटतो आणि आकडा खाली घसरतो.

थेंबांच्या रीतीतली गडबड वजनांवरून कळते. दहा-दहा थेंबांचे गट वेगळे तोलावेत. गटागटांत फरक पडत असेल आणि थेंब टोकाच्या एका बाजूला झुकून लोंबत असेल, तर काचेवर तेलकटपणा आहे. सगळे गट एकसारखे असूनही वजन अपेक्षेपेक्षा जास्त येत असेल, तर थेंब फार भराभर पाडले जात आहेत. मान तुटत असतानाही वरून पाणी येत राहतं आणि थेंबात भर पडते. थेंब सुटायला मिनिटभर लागला तरी हरकत नाही. निदान शेवटची वाढ तरी अगदी सावकाश व्हायला हवी.

साबणाच्या पाण्याला हे अधिकच लागू पडतं. थेंब फुगतो तसा त्याचा पृष्ठभाग नव्याने तयार होत असतो, आणि साबणाच्या रेणूंना आतून तिथवर पोचायला वेळ लागतो. घाई केली तर थेंब जड पडतो आणि पृष्ठताण खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. अशा द्रवासाठी थेंब आधी दहा सेकंदांचे, मग मिनिटाचे, मग तीन मिनिटांचे पाडून बघावेत आणि वजन घटायचं थांबेल तिथला आकडा घ्यावा.